पाणी सुकतं, क्षार राहतो: भिजल्यावर फोन चार्ज होत नसेल तर किती थांबायचं आणि कधी थांबणं सोडायचं

सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि येतं त्या सकाळी घरात कुणी जागेवर नसतं. गेल्या सप्टेंबरात अशाच एका सकाळी माझा मावसभाऊ बॅरलवर वाकून पाइप धरत होता आणि शर्टाच्या वरच्या खिशातला फोन सरळ आत गेला. तीन-चार सेकंदांत त्याने तो बाहेर काढला. स्क्रीन चालू, आवाज ठीक, बॅटरी १८ टक्के. टॉवेलने पुसला, तोंडाने फुंकर मारली आणि चार्जिंगला लावला. स्क्रीनवर पाण्याच्या थेंबाचं चित्र आलं. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहे, शिफ्टची वेळ झाली होती. त्याने विचार केला, राहू दे वायर लावलेली, सुकलं की आपोआप घेईल. फोन तसाच घरी ठेवून तो गेला. संध्याकाळी माझ्याकडे आला, "दादा, चार्जच होईना झालंय बघ."

फोन पाण्यात पडला ही चूक नव्हतीच. दिवसभर वायर लावून ठेवली, ती चूक होती. हा सगळा लेख त्या एका वायरभोवती फिरतो.

"नको" म्हणणारा फोन आणि न ऐकणारी वायर

टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते. तिच्या वर बारा आणि खाली बारा अशा २४ बारीक पट्ट्या असतात. काहींतून वीज येते, काही जमिनीला जोडलेल्या, काहींतून डेटा जातो, आणि प्रत्येक बाजूला एक पट्टी "समोर चार्जर आहे का, केबल कोणत्या बाजूने घातली आहे" हे ओळखायला असते. तिला आपण ओळखपट्टी म्हणू. दोन पट्ट्यांमधलं अंतर मिलिमीटरच्या अंशात मोजायचं असतं, त्यामुळे पाण्याचा एक थेंब सहज चार-पाच पट्ट्यांवर पसरतो. ज्या पट्ट्यांमध्ये काहीच जोडलेलं नसायला हवं, तिथे थोडा प्रवाह वाहताना दिसला की फोन समजतो की आत ओल आहे, आणि आतल्या बाजूने चार्जिंग बंद करतो.

पण फोन फक्त आपलं दार बंद करतो. दाराबाहेर कोण उभं आहे, ते त्याच्या हातात नाही. घरोघरी जी जुनी केबल असते, एका टोकाला चपटं मोठं तोंड आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी, तिच्या चार्जरमधून पाच व्होल्ट कायम चालू असतात. फोनने घेतले काय, नाकारले काय, पोर्टमधल्या विजेच्या पट्टीवर ते येऊन उभे असतात. बाजूला खारं पाणी. शाळेत तांब्याच्या पट्ट्या मिठाच्या पाण्यात बुडवून बॅटरी जोडली होती, आठवतं? तेच इथे घडतं. धन बाजूच्या पट्टीचा सोन्याचा मुलामा कुठेतरी उघडा असतो, तिथून खालचं तांबं विरघळतं आणि शेजारच्या पट्टीकडे सरकतं. हिरवट-निळा थर बसतो, मग काळा डाग पडतो. एक दिवस किंवा एक रात्र या कामाला पुष्कळ झाली.

दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल आणि तसाच चार्जर असेल तर धोका कमी असतो. तो चार्जर ओळखपट्टीवरून समोर फोन असल्याची खात्री होईपर्यंत वीज सोडत नाही. पण पाणी त्या ओळखीतही घोळ घालू शकतं. म्हणून नियम सगळ्यांना एकच: थेंबाचं चित्र दिसलं की वायर काढायची. "बघू थोडा वेळ" नाही, त्याच क्षणी.

हा इशारा वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळा दिसतो. आयफोनवर `Liquid Detected in USB-C Connector` किंवा जुन्या मॉडेलवर `Liquid Detected in Lightning Connector`, सॅमसंगवर थेंबाचं चिन्ह, पिक्सेलवर `Liquid or debris in USB port`. पिक्सेलच्या वाक्यातला `debris` शब्द लक्षात ठेवा, तो आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे. बरेच स्वस्त अँड्रॉइड फोन तर असा काही इशारा देतच नाहीत. ते मुकाट्याने चार्ज होत राहतात किंवा होत नाहीत. तुमचा फोन त्यातला असेल तर तो भिजल्यावर काळजी तुम्हालाच घ्यायची आहे.

पहिला अर्धा तास

वायर काढली. आता फोन कितपत भिजला ते ठरवा. नुसते शिंतोडे उडाले असतील किंवा खिशात घामाने ओल आली असेल, तर फोन चालू ठेवायला हरकत नाही. बादलीत, बॅरलमध्ये, हौदात पूर्ण बुडाला असेल तर बंद करा. डब्यावर आयपी६८ लिहिलेलं असलं तरी बंद करा, कारण ती चाचणी नव्या फोनवर, गोड्या पाण्यात होते. तुमच्या फोनचं रबरी सील दोन उन्हाळे आणि चार वेळा पडणं सोसून आलेलं असतं.

बंद करण्याआधी एक गोष्ट मात्र उरका. फोन नीट चालत असेल आणि बॅटरी थोडी असेल, तर जे गमावून चालणार नाही ते आधी वायफायवरून बाहेर काढा. पोर्ट गेला की केबलने कॉम्प्युटरला जोडायचा रस्ताही बंद होतो, कारण तो पोर्ट एकच आहे. स्क्रीनवर डाग पसरत असतील, आपोआप बटणं दाबली जात असतील किंवा फोन गरम लागत असेल, तर यातलं काहीच करू नका, सरळ बंद करा.

मग कव्हर काढा. सिमचा ट्रे काढून ठेवा. पोर्ट खाली करून फोन तळहातावर हलके आपटा, आठ-दहा वेळा, थांबून थांबून. जोरात झटकू नका, झटक्याने पाणी बाहेर येतं तसं आतही जातं. बाहेर आलेलं पाणी कोरड्या सुती कापडाने टिपा. पोर्टच्या आत कापूस, टिश्यू, कानकोरणी काहीही घालू नका. कापसाचे धागे आत राहतात आणि ते पाणी धरून ठेवतात.

वाळवायचा कसा

टेबलफॅन लावा. फोन दोन-तीन फुटांवर, पोर्ट वाऱ्याकडे आणि किंचित खाली झुकलेला. झालं, एवढंच. सगळ्यात चांगला उपाय हाच आहे आणि सगळ्यात कंटाळवाणाही, म्हणून लोक दुसरं काहीतरी शोधतात.

तांदळात घालू नका. तांदूळ पोर्टच्या कोपऱ्यातलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याचं पीठ आत जाऊन ओलं होतं आणि चिकटतं. ॲपलनेही आपल्या सूचनेत तांदूळ वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. हेअर ड्रायरही नको. गरम हवेच्या झोतात पाणी आत ढकललं जातं आणि स्क्रीन-पाठीमागचा डिंक मऊ होतो. आणि सोलापूरकरांसाठी खास: गच्चीवर उन्हात ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा चाळिशीपार असतो, आणि आयफोन तर बंद असतानाही ४५ अंशांच्या वर ठेवू नये असं कंपनी सांगते. काळ्या पाठीचा फोन उन्हात तो आकडा कधीच ओलांडतो. पोर्ट वाचवायला गेलात आणि बॅटरी फुगवून बसलात, असं होतं.

किती थांबायचं

शिंतोडे उडाले असतील तर पंख्यासमोर निदान ३० मिनिटं. मग केबल लावून दहा सेकंद बघा. इशारा आला तर काढा आणि पुन्हा पंखा. फोन बुडाला असेल तर पाच तासांच्या आत केबलला हातच लावू नका. तेव्हाही इशारा आला तर पूर्ण २४ तास.

हे आकडे हवेवर ठरतात. मार्चच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की दोरीवरची चादर तासाभरात वाळते, आणि पोर्टही पटकन कोरडा होतो. सप्टेंबरच्या परतीच्या पावसात तोच पोर्ट रात्रभर ओला राहू शकतो. पोर्ट म्हणजे एका बाजूने बंद असलेलं बोगद्यासारखं भोक. जिभेच्या मागच्या फटीत पाणी धरून राहतं आणि तिथवर वारा पोचायला वेळ लागतो.

पण २४ तासांच्या पुढे थांबू नका. लोक आठ-आठ दिवस फोन बाजूला ठेवतात, "अजून ओल असेल" म्हणून. एक दिवस पंख्यासमोर राहिलेल्या पोर्टमध्ये पाणी उरत नाही. त्यानंतरही इशारा येत असेल, तर फोन पाणी बघत नाहीये, पाण्याने मागे ठेवलेलं काहीतरी बघतोय. तिथे वाट बघून काही होणार नाही.

मधल्या काळात फोनची फारच गरज असेल आणि त्याला वायरलेस चार्जिंग असेल, तर पाठ पूर्ण कोरडी करून ते वापरा. ते पोर्टला शिवतच नाही. आयफोनवर `Emergency Override` असं बटण येतं, पिक्सेलवरही पोर्ट जबरदस्तीने चालू करायची सोय असते. दवाखान्यात आहात, फोन करायलाच हवा, असा प्रसंग असेल तर दाबा. आयपीएलचा सामना बघायला दाबू नका.

मागे राहिलेलं काय असतं

आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड आहे ते गीझरच्या कॉइलवरचा किंवा बादलीच्या काठावरचा पांढरा थर बघितला की कळतं. तोच थर पोर्टच्या जिभेवर बसतो. पाणी उडून जातं, क्षार जागेवर राहतो. तो कोरडा असताना वीज फारशी वाहू देत नाही, पण हवेतली ओल शोषली की पुन्हा वाहू देतो. म्हणून एक खूण अगदी पक्की आहे: दुपारी कोरड्या हवेत फोन चार्ज होतो आणि रात्री, पहाटे किंवा पाऊस पडत असताना पुन्हा थेंब दाखवतो. असं होत असेल तर तुमचा रोग ओल नाही, क्षार आहे.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. यंत्रमाग आणि टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या खिशातल्या फोनमध्ये सुताचा बारीक तूस जातोच. रोज केबल घालताना तो मागे दाबला जातो आणि काही महिन्यांत त्याचा नमद्यासारखा घट्ट बोळा होतो. कोरडा असताना तो फक्त केबल पूर्ण बसू देत नाही. ओला झाला की तो पोर्टच्या तळाशी ठेवलेला भिजका बोळाच. `debris` म्हणतात ते हे. माझ्या भावाच्या फोनमध्ये मोबाइलच्या टॉर्चने बघितलं तेव्हा मागच्या भिंतीला राखाडी गादी होती आणि तिच्या कडेने हिरवी छटा.

साफसफाई

ही पायरी २४ तासांनंतरची, फोन पूर्ण बंद असताना करायची. लागतं काय? लाकडी टूथपिक, मऊ नायलॉनचा बारीक ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. मोबाइलच्या सुट्या भागांच्या दुकानात ते आयपीए नावाने मिळतं. घरातलं सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पेट्रोल, थिनर अजिबात नको. सुई, टाचणी, सिम काढायची पिन हे धातूचं काही आत घालायचं नाही. जीभ वाकली किंवा एक पट्टी उचकटली तर पोर्ट तिथेच संपला.

टूथपिकचं टोक थोडं चपटं करून घ्या. जिभेला न लागता, बाहेरच्या भिंतीच्या कडेने मागे न्या आणि तूस ओढून बाहेर काढा. खरवडू नका, ओढा. चांगला उजेड आणि चष्मा दोन्ही घ्या. बोळा एकदम निघतो तेव्हा बघणाऱ्याला विश्वास बसत नाही की एवढं आत होतं.

मग ब्रशचं टोक आयपीएत बुडवा आणि कापडावर टेकवून जास्तीचं काढा. ब्रश ओला हवा, टपकता नको. फोन पोर्ट खाली करून धरा आणि जिभेच्या वरच्या, मग खालच्या बाजूने हलके आतून बाहेर घासा. पाच-सहा वेळा, दर वेळी ब्रश पुसून. पांढरा क्षार पाण्यात जास्त विरघळतो, अल्कोहोलमध्ये कमी. म्हणून थर जाड असेल तर आधी एकदा बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यात ब्रश किंचित ओला करून घासा आणि त्यानंतर आयपीए फिरवा. आयपीए उरलेलं पाणी सोबत घेऊन उडून जातं. हे सगळं उघड्या खिडकीजवळ, गॅस आणि उदबत्तीपासून लांब करा, ते पेट घेतं. नंतर एक-दोन तास पंखा.

केबल विसरू नका. तीही त्याच पाण्यात गेलेली असते किंवा त्याच पोर्टमध्ये लावलेली होती. तिच्या तोंडात टॉर्च मारा. हिरवं-काळं दिसलं तर ती फेकून द्या. दुसऱ्या कुणाला देऊ नका, ती त्यांचाही पोर्ट खराब करेल. अनेकदा इशारा पोर्टमुळे नव्हे तर केबलच्या तोंडातल्या ओलीमुळे येतो, आणि बिचाऱ्या फोनवर उपचार चालू राहतात.

पोर्ट स्वच्छ, केबल नवी, तरी सॅमसंगवर थेंब जात नसेल तर सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत सिस्टिम ॲप्स दाखवा, `USBSettings` उघडा, त्याची कॅशे साफ करा आणि फोन रीस्टार्ट करा. कधी कधी जुना इशारा तिथे अडकून बसतो. पण हे सगळ्यात शेवटी. ओल्या पोर्टवर आधी हे करणं म्हणजे भोंगा वाजतोय म्हणून भोंग्याचीच वायर तोडण्यासारखं आहे.

भावाच्या फोनचं काय झालं

पहिल्या रात्री फोन बंद करून पंख्यासमोर ठेवला. दुसऱ्या संध्याकाळी थेंब तसाच. तूस काढला, डिस्टिल्ड पाणी, मग आयपीए, दोन तास वारा. नव्या केबलने थेंब गेला, पण चार्ज होईना. केबल उलटी करून घातली आणि चार्जिंग सुरू झालं, हळू. सरळ घातली की बंद.

ही खूण समजून घ्या, कारण दुकानात जाण्याआधी ती तुम्हाला बरंच सांगते. विजेच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना असतात, पण ओळखपट्टी प्रत्येक बाजूला एकच, आणि ती विजेच्या पट्टीला अगदी लागून. दिवसभराच्या पाच व्होल्टांनी आधी विजेची पट्टी खाल्ली आणि मग शेजारच्या ओळखपट्टीलाही सोडलं नाही. एका बाजूने चार्ज आणि दुसऱ्या बाजूने नाही, याचा अर्थ त्या बाजूची ओळखपट्टी गेली. दोन्ही बाजूंनी नाही, पण वायरलेसने होतंय, तर बॅटरी आणि आतली चार्जिंगची व्यवस्था जिवंत आहे, पोर्ट मेला. कशानेच होत नसेल, तर रोग पोर्टच्या पुढे, आत आहे.

उलटी केबल घालून तो आठवडाभर चालवायला बघत होता. मी नको म्हटलं. अर्धवट खाल्लेल्या पट्टीतून तेवढाच प्रवाह जायला लागला की ती जागा तापते. चार्जिंगला असताना फोनचा खालचा भाग पोळत असेल, जळका वास येत असेल किंवा पाठ उचललेली दिसत असेल, तर तो फोन पुन्हा चार्जिंगला लावायचाच नाही.

दुरुस्तीवाल्याकडे

नवी पेठेत आम्ही ज्या अण्णांकडे गेलो त्यांनी भिंगातून बघून एकच शब्द उच्चारला, "सीसी." चार्जिंग कनेक्टरला दुकानात सीसी म्हणतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये हा पोर्ट खालच्या बाजूच्या एका छोट्या वेगळ्या बोर्डवर असतो, सीसी बोर्ड. तो स्क्रूने बसतो, पट्टीने जोडतो आणि काही शे रुपयांत बदलून मिळतो. काही फोनमध्ये पोर्ट थेट मुख्य बोर्डला डाग देऊन बसवलेला असतो, तिथे काम नाजूक आणि महाग. तुमच्या मॉडेलमध्ये कसं आहे हे आधी विचारा.

"मदरबोर्ड गेलाय" असं फोन न उघडताच कुणी सांगितलं तर त्याला म्हणा, चांगला सीसी बोर्ड तात्पुरता लावून दाखवा. चार्ज झाला तर मदरबोर्ड ठीक आहे. पाच मिनिटांचं काम आहे, आणि जो हे करायला कुरकुरतो त्याच्याकडून फोन परत घ्यावा. उघडल्यावर आतही ओल गेली होती का ते बघून घ्या: सिमच्या खाचेत किंवा आत एक पांढरा ठिपका असतो, पाणी लागलं की तो लाल होतो.

नवा बोर्ड बसल्यावर पैसे देण्याआधी तिथेच तपासा. केबल दोन्ही बाजूंनी. जलद चार्जिंग दिसतंय का, कारण नकली बोर्डात नेमकं तेच नसतं. मग कुणाला तरी फोन लावून बोला, कारण खालचा माइक बहुधा याच बोर्डवर असतो. नेटवर्कच्या रेषा आधीइतक्याच आहेत का तेही बघा. आणि जुना बोर्ड मागून घ्या. फोन एकदा उघडला की कंपनीचं पाणीरोधक सील गेलं. अण्णांनी नवा डिंक लावला, पण तेही म्हणाले, "आता याला पाण्याजवळ नेऊ नका बरं का."

मावसभावाने जुना बोर्ड घरी नेला. आता पाणी येणाऱ्या दिवशी फोन वरच्या खिशात न ठेवता खिडकीत ठेवतो, असं मावशी सांगते. खिडकी बॅरलच्या बरोबर वर आहे, ही गोष्ट वेगळी.